जुना गेम, नवा दुभाषी

२००८ साली संगणकावर आलेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ आजच्या महागड्या यंत्रावरही मध्येच अडखळतो, तेव्हा चिडचिड होणं साहजिक आहे. हा गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्टथ्रीडी ९ या जुन्या भाषेत बोलतो. त्या पद्धतीत चित्रातल्या प्रत्येक वस्तूसाठी प्रोसेसरला बरंच काम पडतं आणि तेही बहुतांशी एकाच कोअरवर. कार्ड रिकामं बसून राहतं.

इथे डीएक्सव्हीके कामी येतं. मुळात लिनक्सवर विंडोजचे गेम चालवण्यासाठी लिहिलेली ही मोफत प्रणाली जुन्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलून देते. विंडोजवर करायचं इतकंच: तिच्या `x32` फोल्डरमधली `d3d9.dll` उचलून `GTAIV.exe` शेजारी ठेवायची. गेम ३२ बिटचा आहे, म्हणून `x64` मधली चालणार नाही. गेम सुरू होताना आधी स्वतःच्या फोल्डरात बघतो आणि हीच फाइल उचलतो.

खात्रीसाठी हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्यावं:

```
DXVK_HUD=devinfo,fps
```

कोपऱ्यात कार्डाचं नाव दिसलं की दुभाषी कामाला लागला. नाही दिसलं, तर बहुधा फाइल चुकीच्या जागी आहे.

पहिल्या फेरफटक्यात मात्र झटके बसू शकतात, कारण शेडर नव्याने तयार होत असतात. पुढे ते कमी होतात. २.० पासूनच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागतं, त्यामुळे फार जुन्या कार्डावर गेम उघडतच नाही. ऑनलाइन गेममध्ये हा प्रयोग नकोच. फसवणूकरोधक यंत्रणेला परकी फाइल खपत नाही. जुनी स्थिती हवी असेल, तर ती फाइल काढून टाकायची.