शिल्लक लिहायची नाही, काढायची

कृषी सेवा केंद्राच्या संगणकात युरियासमोर '५८ गोण्या' असा आकडा दिसतो. गोणी विकली की प्रोग्राम तोच आकडा खोडून ५७ करतो. रचना सोपी आहे, पण गोदामात ५५च गोण्या भरल्या तर तीन कुठे गेल्या, हे तो आकडा कधीच सांगणार नाही. आधीचे सगळे आकडे पुसलेले असतात.

म्हणून डेटाबेसमध्ये शिल्लक साठवण्याऐवजी मालाची प्रत्येक हालचाल साठवावी. एका ओळीत माल, गोदाम, नग, कारण आणि चलन क्रमांक. आवक अधिक, जावक उणे. आरंभीची शिल्लक ४०, खरेदी १००, विक्री उणे ६२, दुसऱ्या गोदामात पाठवल्या उणे २०: बेरीज ५८. त्या २० गोण्यांची दुसरी ओळ समोरच्या गोदामात अधिक २० म्हणून पडते. दोन्ही ओळी एकाच व्यवहारात लिहाव्यात, नाहीतर मध्येच वीज गेली की माल हवेत राहतो.

नवखे लोक हमखास विसरतात ती दुसरी तारीख. माल कधी हलला ती एक, नोंद कधी झाली ती दुसरी. समजा, ५ जूनला तीन गोण्या उधारीवर गेल्या आणि चलन ९ जूनला सापडले. बँकेला ७ जूनला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ५८ होते. आज ७ जूनची शिल्लक काढली तर ५५ येते. दोन्ही बरोबर! बँकेला दिलेला आकडा पुन्हा हवा असेल, तर दोन्ही तारखांची अट घालावी लागते:

```sql
SELECT SUM(qty) FROM stock_move
WHERE item_id = 7 AND godown_id = 1
  AND moved_on <= '2025-06-07'
  AND recorded_at < '2025-06-08';
```

दुसरी अट काढली की ५५.

हे जमते ते जुनी ओळ कुणी बदलत नाही म्हणून. तीनऐवजी ३० टाइप झाले, तर मूळ तारखेनेच अधिक ३०ची उलट नोंद करायची आणि मग उणे ३ची नवी. 'कुणी हात लावू नका' अशी नुसती ताकीद पुरत नाही. प्रोग्राम ज्या खात्याने डेटाबेसमध्ये शिरतो, त्याचे `UPDATE` आणि `DELETE` हे अधिकारच काढून घ्यावेत. चलन क्रमांक आणि त्यातली ओळ यांची जोडी एकदाच येईल असे बंधनही हवे, म्हणजे बटण दोनदा दाबले तरी विक्री एकदाच पडते.

ओळी लाखांत गेल्या की बेरीज रेंगाळते. तेव्हा महिनाअखेरची शिल्लक वेगळ्या तक्त्यात ठेवायला हरकत नाही, पण तो तक्ता कधीही पुसून हालचालींवरून पुन्हा भरता आला पाहिजे. मागच्या महिन्याची नोंद उशिरा आली की तिथून पुढच्या सगळ्या शिलका पुन्हा काढाव्या लागतात.

उंदरांनी फोडलेली गोणी मात्र कोणत्याच चलनात नसते. ती मोजणीतच सापडते, आणि 'मोजणीतील तूट' या कारणासह उणे एकची ओळ होऊन तक्त्यात येते.