बोली, स्लँग की प्रयुक्ती? एका वैदर्भीय वाक्याची तपासणी

प्रस्तावना

नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात तुम्हाला असे वाक्य सहज ऐकू येईल : “काय बे, लेक्चरमधून कल्टी मारून राहिला का?” पुण्यामुंबईकडचा श्रोता बहुधा हे संपूर्ण वाक्य ‘स्लँग’ म्हणून बाजूला ठेवेल. पण या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या प्रकारचे घटक आहेत. ते वेगळे कसे करायचे, हे या पाठात पाहू.

आधी तीन संज्ञा समजून घ्या. बोलीवैशिष्ट्य बोलणारा कुठला आहे, हे सांगते. प्रयुक्ती तो कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी बोलतो आहे, हे सांगते. स्लँग तो कोणत्या गटात वावरतो, हे सांगते.

पहिली कसोटी : श्रोता बदला

आता हाच विद्यार्थी प्राध्यापकांशी बोलतो आहे, अशी कल्पना करा. तो म्हणेल, “सर, तुम्ही कुठे जाऊन राहिले?” ‘बे’ गळून पडला, कारण वडीलधाऱ्यांशी बोलताना तो अपमानकारक ठरतो. ‘कल्टी’ही गेली. ‘जाऊन राहिले’ मात्र टिकले, आणि तेही आदरार्थी रूपात. म्हणजे या रचनेत स्वतःहून उद्धटपणा काहीच नाही.

‘बे’ हा जवळीक किंवा अनादर दाखवणारा संबोधनाचा शब्द आहे. तो सोलापूरकडच्या मराठीतही ऐकू येतो आणि हिंदीतही आहे. म्हणून एकट्या ‘बे’वरून माणसाचा प्रदेश ठरवू नका. येथे तो अनौपचारिक प्रयुक्तीची खूण आहे.

दुसरी कसोटी : शब्द की व्याकरण?

‘कल्टी मारणे’ म्हणजे गुपचूप निसटणे. त्याजागी ‘सटकणे’ किंवा ‘पळणे’ घातले तरी वाक्याचा सांगाडा तसाच राहतो. हा एक शब्दप्रयोग मित्रांच्या गटात, विशेषतः तरुणांत, शहराशहरांतून फिरतो. म्हणून तो स्लँग.

‘-ून राहणे’ची गोष्ट वेगळी आहे. ही रचना जवळजवळ कोणत्याही क्रियापदाला लागते : पाऊस येऊन राहिला, आजी स्वयंपाक करून राहिली, मी पुस्तक वाचून राहिलो. ती लिंग, वचन आणि पुरुषानुसार बदलते, आणि चालू क्रिया दाखवते. प्रमाण मराठीत येथे ‘येत आहे’, ‘करत आहे’, ‘वाचत आहे’ येईल. शिवाय ती तरुणांपुरती मर्यादित नाही. विदर्भातल्या घराघरांत आजीही असेच बोलते. हे व्याकरण आहे, म्हणून बोलीवैशिष्ट्य.

हिंदीतील ‘कर रहा है’शी तिचे साम्य उघड आहे. नागपूर १९५६ पर्यंत हिंदीभाषक जिल्ह्यांसह एकाच प्रांतात होते, त्यामुळे हा संपर्क जुना आहे. पण हिंदीत नुसत्या धातूला ‘रहा’ लागते, तर वैदर्भीय मराठी स्वतःचे ‘-ून’ रूप वापरते.

तिसरी कसोटी : अर्थ विचारा

प्रत्यक्ष पाहणीत “तुम्ही असे बोलता का?” हा प्रश्न फसवा ठरतो. ज्यांना शाळेत ही भाषा ‘अशुद्ध’ म्हणून सांगितली गेली, ते सरळ “नाही” म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात ती रचना वापरतात. त्याऐवजी अर्थ विचारा. ‘दादा घरी बसून राहिला’ याचा अर्थ काय? प्रमाण मराठीच्या भाषकाला तो ‘बसूनच राहिला, हलला नाही’ असा वाटेल. वैदर्भीय भाषकाला ‘दादा आत्ता घरी बसतो आहे’ असाही अर्थ लागेल. शब्द तेच, पण व्याकरण वेगळे. केवळ स्लँगमुळे असा फरक पडत नाही.

मर्यादा

हे तीन कप्पे बंदिस्त नाहीत. हाच विद्यार्थी अर्जात ‘मी शिक्षण घेत आहे’ असे लिहितो. म्हणजे बोलीवैशिष्ट्य वापरायचे की नाही, हेही प्रसंगावर ठरते. म्हणून एका प्रसंगावरून निर्णय देऊ नका. एकाच व्यक्तीचे बोलणे घरी, मित्रांत आणि कार्यालयात ऐका, आणि मग वेगवेगळ्या वयाच्या व्यक्तींशी ताडून पाहा. चित्रपटातला विनोदी संवाद पुरावा म्हणून धरू नका. तेथे तिन्ही घटक मुद्दाम एकत्र कोंबलेले असतात.

निर्णय चुकला तर त्याची किंमत भाषकाला मोजावी लागते. ‘करून राहिला’ला स्लँग म्हटले की आजीचे व्याकरण टवाळखोरी ठरते. ‘निबंधात प्रमाण रूप लिहा’ ही सूचना प्रयुक्तीबद्दल आहे आणि ती देता येते. ‘तुझी भाषा उद्धट आहे’ हे विधान मात्र चुकीचे आहे.

स्वाध्याय

तुमच्या परिसरातील एक बोलभाषेतील वाक्य घ्या. श्रोता बदलून, शब्द बदलून आणि अर्थ विचारून त्यातील प्रत्येक घटक कोणत्या प्रकारचा आहे, ते कारणासह लिहा.