वेदनाशामक गोळी, जठर आणि मूत्रपिंड

गुडघा सुजला की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते आणि वेदनेच्या नसा हळव्या होतात. डायक्लोफेनॅक ही रसायने तयार होऊ देत नाही, म्हणून तासाभरात गुडघा हलका वाटू लागतो. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, अ‍ॅसेक्लोफेनॅक, इंडोमेथॅसिन, एटोरिकॉक्सिब ही सगळी याच कुळातली औषधे आहेत. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे नेमके हेच काम करतात, हे इंग्लंडमधील जॉन वेन यांनी 1971 साली दाखवले आणि 1982 चे नोबेल पारितोषिक त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळाले.

अडचण अशी की प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखऱ्या सांध्यात नसते. जठराच्या आतल्या अस्तरावर बुळबुळीत थर राखणे, तिथला रक्तपुरवठा टिकवणे आणि आम्लाला आवर घालणे ही कामेही तेच करते. गोळी रक्तात गेली की ते तिथेही कमी होते. अस्तर उघडे पडते आणि जठरातले आम्ल त्यालाच खाऊ लागते. ज्याला आधीच अल्सर आहे, त्याची भरत आलेली जखम पुन्हा चिघळते, कधी त्यातून रक्त वाहू लागते. रिकाम्या पोटी गोळी घेतल्याने नुकसान होते आणि जेवून घेतली की होत नाही, हा समज यामुळेच अपुरा ठरतो. जेवणाने मळमळ कमी होते, अल्सरचा धोका मात्र टळत नाही. इंजेक्शनचेही तेच. सुई दंडात टोचली तरी औषध रक्तातूनच जठरापर्यंत पोहोचते. ‘पोटाला त्रास नको म्हणून इंजेक्शन द्या’ असे सांगणाऱ्या रुग्णाला हे कोणीतरी थांबून समजावणे गरजेचे आहे.

अल्सरमधून होणारा रक्तस्राव नेहमी पोटदुखीने सूचना देत नाही, विशेषतः वयस्क माणसांत. वेदनाशामकामुळे पोटाची वेदनाही दबलेली असते. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उठताना अंधारी आणि अचानक थकवा या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती सहसा चिकट नसते आणि तिला तसा वास येत नाही.

मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिनचे काम आणखी नाजूक आहे. रक्त गाळणाऱ्या प्रत्येक जाळीला एक धमनी रक्त आणते आणि दुसरी ते बाहेर नेते. जाळीत पुरेसा दाब असला तरच रक्त गाळले जाते. निरोगी, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाचा हा दाब सहज टिकतो. पण मूत्रपिंड दुबळे असेल, वय झाले असेल किंवा जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले असेल, तर आत येणारी धमनी उघडी ठेवण्याची मदार प्रोस्टाग्लँडिनवर असते. डायक्लोफेनॅक नेमका हाच आधार काढून घेते. भारतीय उपखंडातली गिधाडे हेच औषध दिलेल्या गुरांचे मांस खाऊन मूत्रपिंड निकामी होऊन मेली. म्हणून 2006 साली भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. पक्ष्यांचे शरीर वेगळे असते, त्यामुळे माणसाशी थेट तुलना करता येत नाही, तरी घाव बसला तो मूत्रपिंडावरच.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका नमुन्यावरून पाहू. 66 वर्षांच्या, किरकोळ अंगकाठीच्या एका बाईंना रक्तदाब आहे. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी त्या रोज घेतात. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली 50 मिलिग्रॅमची डायक्लोफेनॅक सकाळ-संध्याकाळ चालू आहे. जुन्या रिपोर्टात क्रिएटिनिन 1.2 आहे. हा आकडा नॉर्मलच्या काठावर दिसतो, म्हणून कोणी काळजी केलेली नाही. पण वय आणि लिंग धरून हिशेब केला तर गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, सुमारे 50 निघते. तरुण निरोगी माणसात ती 90 च्या वर असते.

मे महिन्यात त्यांना दोन दिवस जुलाब होतात. गुडघेही ठणकतातच, म्हणून गोळ्या चालू राहतात. आता तीन गोष्टी एकदम जुळून येतात. हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि जुलाबामुळे अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले आहे. डायक्लोफेनॅकने आत येणारी धमनी आवळली आहे. टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी सैल केली आहे. जाळीतला दाब कोसळतो. लघवी कमी होते, पायांवर सूज येते, मळमळ सुरू होते आणि चौथ्या दिवशी क्रिएटिनिन 3.1 भरते. पोटॅशियमही वाढलेले असते, आणि ते हृदयाचे ठोके बिघडवू शकते. डायक्लोफेनॅक कायमची बंद केली, डॉक्टरांच्या देखरेखीखाली रक्तदाबाची गोळी थांबवली आणि शरीरातले पाणी भरून काढले, तर असे मूत्रपिंड बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत सावरते. मात्र आधीच अशक्त असलेले मूत्रपिंड दरवेळी पूर्ण पूर्वपदावर येत नाही.

पेनकिलरबरोबर अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली की सगळे सुरक्षित झाले, असे अनेकांना वाटते. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल जेवणाआधी अर्धा तास घेतल्यास जठराचा धोका खरोखर बराच घटतो. मूत्रपिंडाला मात्र त्याचे काहीच संरक्षण मिळत नाही. सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिबचेही असेच आहे. ती जठराला थोडी सौम्य आहेत, मूत्रपिंडाला नाहीत. म्हणून पर्याय निवडताना दुखणे कशाचे आहे याइतकेच धोका कोणत्या अवयवाला आहे हे पाहावे लागते.

अल्सर असलेल्या, पण मूत्रपिंड चांगले असलेल्या रुग्णाला हे औषध टाळता येत नसेल, तर डॉक्टर सेलेकॉक्सिब कमी मात्रेत, कमी दिवस आणि पँटोप्राझोलसह देऊ शकतात. त्याआधी एच. पायलोरी या जंतूची तपासणी करून तो असल्यास नाहीसा करावा, कारण तो आणि पेनकिलर एकत्र आले की धोका कितीतरी वाढतो. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याने तर स्वतःहून दुसरी पेनकिलर घेऊच नये. ईजीएफआर 30 च्या खाली असेल तर हे कुळच टाळावे. 30 ते 60 मध्ये ती दीर्घकाळ घेऊ नयेत, आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर थोडे दिवसही विचारूनच.

दोन्ही आजारांत पहिला पर्याय पॅरासिटामॉल. वयस्कांनी दिवसाला 3 ग्रॅमच्या आत राहावे. 650 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे 2.6 ग्रॅम होतात. वजन फार कमी असेल, यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर मात्रा आणखी कमी करावी लागते. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही हिशेबात धरावे. त्याच मिश्र गोळ्यांत कित्येकदा डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसेक्लोफेनॅकही असते, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचलीच पाहिजेत.

गुडघ्याच्या झिजेवर पॅरासिटामॉलचा परिणाम बेताचाच असतो. तिथे डायक्लोफेनॅकचे मलम उपयोगी पडते. गोळीच्या तुलनेत सुमारे 6 टक्केच औषध रक्तात उतरते. म्हणून अल्सर असलेल्याला ते बरेच सुरक्षित आहे. मूत्रपिंडाचा आजार पुढच्या टप्प्यात असेल, तर मात्र मलमाबद्दलही आधी विचारावे. गाउटचा झटका आल्यास छोट्या मुदतीचे स्टिरॉइड किंवा मात्रा घटवलेले कोल्चिसिन डॉक्टर देतात. तीव्र वेदनेत ट्रॅमाडॉल चालते, पण दुबळ्या मूत्रपिंडात ते साचते, म्हणून दोन मात्रांतले अंतर वाढवावे लागते. त्याने भोवळ आणि बद्धकोष्ठताही होते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत भोवळ म्हणजे पडण्याची भीती.

वर सांगितलेल्या बाईंच्या गुडघ्यांना गोळीखेरीजही आराम मिळू शकतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच सेकंद तसाच धरायचा आणि खाली सोडायचा. असे दहा-दहा वेळा, रोज दोनदा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार घटतो, पण त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी आणि मांडी घालून बसणे टाळावे.