दशमान मापे : कायदा आणि वहिवाट

१७८९ साली फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावर गावोगावच्या प्रजेने राजासमोर आपल्या गाऱ्हाण्यांच्या याद्या मांडल्या. त्यांत एक मागणी वारंवार येत होती : देशभर एकच माप असावे. धान्याचे माप प्रत्येक गावात निराळे होते. जमीनदार खंड घेताना ते शिगोशीग भरून घेई. तेच माप विक्रीच्या वेळी सपाट होई. खंडाचा आकडा तोच राही, परंतु रयतेचे धान्य मात्र अधिक जाई.

कोणत्याही प्रांताचे माप इतरांवर लादले जाऊ नये, म्हणून शास्त्रज्ञांनी पृथ्वीचाच आधार घेतला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे १७९१ साली ठरले. त्यासाठी देलांब्र आणि मेशें यांनी १७९२ ते १७९८ या काळात डंकर्क ते बार्सिलोना या पट्ट्याची मोजणी केली. १७९५ च्या कायद्याने मीटर, ग्रॅम, लिटर ही नावे निश्चित झाली आणि १७९९ साली प्लॅटिनमची प्रमाण मापे सरकारी अभिलेखागारात ठेवण्यात आली.

तथापि बाजाराने ही मापे सहजी स्वीकारली नाहीत. ग्रीक व लॅटिन शब्दांवरून बनविलेली नावे लोकांना परकी वाटत. त्याहून मोठी अडचण हिशेबाची होती. जुन्या लिव्हर या वजनाचे सोळा औंस होत. त्याचे अर्धे आठ, पाव चार, अर्धपाव दोन. हे गणित निरक्षर ग्राहकालाही तोंडी जमे. एक हजार ग्रॅम मात्र निमे करीत गेल्यास पाचशे, अडीचशे, सव्वाशे आणि मग साडेबासष्ट येतात. दशमान पद्धतीची सोय लिहून हिशेब करणाऱ्याला होती. बाजारातील व्यवहार मात्र निमे-पाव यांवर चालत असे.

अखेर १८१२ साली नेपोलियनच्या शासनाने तडजोड केली. किरकोळ व्यापारात जुनी नावे व जुने भाग परत आले. मात्र लिव्हर ५०० ग्रॅमचा आणि त्वाझ हे लांबीचे माप दोन मीटरचे धरले गेले. शाळांतून व सरकारी कामांत दशमान पद्धतीच चालू राहिली. त्यामुळे देशात दोन पद्धती शेजारी शेजारी नांदू लागल्या आणि एकाच नावाचे जुने व नवे वजन यांचा घोटाळा वाढला. १८३७ च्या कायद्याने ही सवलत रद्द केली व १ जानेवारी १८४० पासून केवळ दशमान मापे सक्तीची झाली. १७९५ च्या कायद्यानंतर पंचेचाळीस वर्षे लोटली होती. तोवर शाळेत नवी मापे शिकलेली पिढी दुकानात बसू लागली होती.

तरीही फ्रान्सच्या बाजारात अर्ध्या किलोला ‘लिव्हर’ म्हणण्याची रूढी टिकून राहिली. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. येथेही सोळा छटाकांचा शेर गेला, पण ‘पावशेर’ हा शब्द बोलण्यात राहिला. वजन कायद्याने बदलता येते. त्याचे नाव मात्र लोकांच्या जिभेवरून हळूहळूच उतरते.