भट्टीची वीज वाढली: आजच तपासायचे की उद्यापर्यंत थांबायचे?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात इंडक्शन भट्टी चालवणाऱ्या फाउंड्रीत एका आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष असते: काल एक टन लोखंड वितळवायला किती युनिट वीज लागली? धातूच्या खालोखाल जे मोठे खर्च असतात, त्यांत वीज येते. म्हणून कॉस्ट अकाउंटंट वर्षाच्या सुरुवातीला एक प्रमाण ठरवून ठेवतो, समजा टनाला ६०० युनिट. मग एखाद्या सकाळी अहवालात ६३६ दिसतात आणि विचारणा सुरू होते. पाळीच्या सुपरवायझरला बोलावणे जाते, तो ओल्या भंगाराचे कारण सांगतो, इलेक्ट्रिशियन पॅनेल उघडून बसतो, भट्टी अर्धी पाळी बंद राहते. बऱ्याचदा काहीच सापडत नाही आणि दुसऱ्या दिवशी आकडा आपोआप खाली येतो.

तफावत केवढी झाली की तिच्या मागे लागायचे, हा हिशेबाचा प्रश्न आहे. तो अंदाजाने किंवा आवाज चढवून सोडवला जातो, याचे मला फार वाईट वाटते. कारण त्याची किंमत त्या सुपरवायझरला आणि त्याच्या माणसांना मोजावी लागते.

अनेक कारखान्यांत यासाठी टक्क्यांचा नियम असतो: प्रमाणापेक्षा पाच टक्के जास्त खर्च दिसला की चौकशी. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण त्या खर्चाचा स्वभाव त्याला ठाऊक नसतो. भट्टीची वीज रोज थोडी वरखाली होणारच. सुट्टीनंतरच्या दिवशी भट्टी थंड असते, कधी भंगार गंजलेले येते, कधी साचे तयार नसल्याने वितळलेला धातू तसाच तापवत ठेवावा लागतो. साच्यांच्या वाळूत घालायचे रेझिन मात्र पंपाने मोजून पडते, त्यात रोजचा फरक जेमतेम अर्धा टक्का असतो. विजेतली पाच टक्के वाढ हा कदाचित नेहमीचाच चढउतार असेल. रेझिनमध्ये चार टक्के वाढ झाली, तर पंप नक्की बिघडला आहे, आणि तरीही पाच टक्क्यांचा नियम गप्पच बसतो.

म्हणून आधी त्या खर्चाचा नेहमीचा चढउतार मोजावा लागतो. ही रीत वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाची. टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना मे १९२४ मध्ये त्यांनी वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले, त्यात पहिला नियंत्रण तक्ता होता. पुढे १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते भारतातही येऊन गेले. त्यांची पद्धत मुळात मालाच्या दर्जासाठी होती, पण ती खर्चालाही लागू पडते.

एक नमुन्याचा हिशेब करू. काहीही बिघाड नव्हता अशी खात्री असलेले, लागोपाठच्या कामाचे २५ दिवस घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. समजा ती ६१२ युनिट आली. मग प्रत्येक दिवसाच्या आणि त्याच्या आदल्या दिवसाच्या आकड्यातला फरक लिहायचा, अधिक-उणे न पाहता. या फरकांची सरासरी १३.५ आली, तर तिला १.१२८ या ठरलेल्या संख्येने भागायचे, उत्तर १२. भट्टीचा रोजचा स्वाभाविक हेलकावा या १२ युनिटांच्या मापाने मोजायचा. सरासरीच्या दोन्ही बाजूंना याच्या तिप्पट, म्हणजे ३६ युनिट गेलो की नियंत्रण मर्यादा मिळतात: वर ६४८ आणि खाली ५७६. लागोपाठच्या दिवसांचे फरक घेण्याला कारण आहे. महिनाभर आकडा हळूहळू चढत असेल, तर सगळे आकडे एकत्र करून काढलेला हेलकावा त्या चढामुळे फुगतो, मर्यादा रुंद होतात आणि बिघाड त्यांच्या आत लपून जातो.

मर्यादा ६१२ भोवती आखल्या आहेत, ६०० भोवती नाहीत. ६०० ही व्यवस्थापनाची अपेक्षा आहे आणि ६१२ ही भट्टीची आजची वस्तुस्थिती. पाच टक्क्यांचा नियम अपेक्षेवर उभा असल्यामुळे तो ६३० वर घंटा वाजवतो. भट्टी पूर्ण धडधाकट असतानाही शंभरातल्या सहा-सात दिवशी आकडा ६३० ओलांडतो, म्हणजे महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांत जवळपास दोनदा विनाकारण चौकशी.

मग तिप्पटच का, दुप्पट किंवा चौपट का नाही? उगाच शोध घेण्यात वाया जाणारा पैसा आणि खरा बिघाड निसटल्याने होणारा तोटा, या दोहोंमध्ये तिप्पटीची मर्यादा अनुभवाने परवडणारी ठरली, अशी शूहार्ट यांची भूमिका होती. म्हणजे तिप्पटीच्या मागेही पैशाचाच विचार आहे, फक्त तो सगळ्यांसाठी मिळून ढोबळमानाने केलेला आहे. आपल्या भट्टीचे आकडे आपल्याजवळ असतील, तर तो नेमका करता येतो. हिशेबशास्त्रात हॅरोल्ड बिअरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हा विचार मांडला: तफावतीच्या आकारासोबत तपासणीचा खर्च आणि तपासणीतून वाचणारी रक्कमही पाहा.

आपल्या फाउंड्रीत रोज २० टन धातू वितळतो आणि वीज ९ रुपये युनिटने पडते, असे धरू. टनामागे एक युनिट जास्त गेले, तर दिवसाला १८० रुपये जातात. संशय असा आहे की भट्टीला वीज पोहोचवणाऱ्या, पाण्याने थंड ठेवलेल्या केबलच्या आतल्या तारा तुटल्या असाव्यात किंवा बसबारचे जोड सैल झाले असावेत. असा बिघाड झाला की टनाला साधारण २५ युनिट जास्त लागतात, असा मागचा अनुभव. म्हणजे दिवसाला ४,५०० रुपये. तो शोधायला भट्टी अर्धी पाळी बंद ठेवावी लागते, त्याचा सगळा खर्च १५,००० रुपये. दुरुस्तीचा खर्च कधी ना कधी होणारच, म्हणून तो यात धरलेला नाही.

हे ४,५०० रुपये किती दिवस जात राहतील? भट्टीचे अस्तर बदलायला ती तशीही बंद करतात आणि तेव्हा सगळे जोड उघडून पाहतातच. त्या कामाला २० दिवस बाकी असतील, तर बिघाड न शोधल्याचा तोटा ९०,००० रुपये. बिघाड असण्याची शक्यता १५,००० भागिले ९०,००० म्हणजे सुमारे १७ टक्क्यांहून जास्त असेल, तरच तपासणी परवडते. १० दिवस बाकी असतील, तर हाच उंबरठा ३३ टक्के होतो. आणि तीनच दिवस उरले असतील, तर उरलेला तोटा १३,५०० रुपयांचा. बिघाड आहे हे नक्की माहीत असले, तरी केवळ विजेच्या पैशासाठी भट्टी थांबवू नये. जोड तापून काळे पडले असतील किंवा वास येत असेल, तर तो माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होतो आणि हा हिशेब तिथे लागू नाही.

आता ६३६ चा आकडा पाहिल्यावर बिघाडाची शक्यता किती? इथे जुन्या नोंदी लागतात. समजा त्या सांगतात की शंभरातल्या पाच दिवशी असा बिघाड असतो. म्हणजे हजार दिवसांत ९५० चांगले आणि ५० बिघाडाचे. चांगल्या ९५० पैकी साधारण ५८ दिवशी आकडा ६३० ते ६४२ च्या टप्प्यात येतो. बिघाडाच्या ५० दिवसांत सरासरी ६३७ असल्यामुळे त्यातले १९ दिवस या टप्प्यात पडतात. एकूण ७७ दिवसांपैकी १९, म्हणजे चारात एक. अनुभवी माणसालाही पहिल्यांदा हे पटत नाही. ६३६ बिघाडाच्या आकड्याशी इतका जुळतो, मग शक्यता एवढी कमी कशी? कारण चांगले दिवस मुळातच फार जास्त आहेत आणि त्यांतल्या थोड्या टक्क्यांचीही संख्या मोठी होते.

२५ टक्के ही शक्यता २० दिवस बाकी असताना १७ च्या वर आहे आणि १० दिवस बाकी असताना ३३ च्या खाली. तिप्पटीच्या मर्यादेच्या आत असलेला हाच आकडा महिन्याच्या एका आठवड्यात तपासण्याजोगा ठरतो आणि दुसऱ्या आठवड्यात नाही.

तरीही २० दिवस बाकी असतानाही मी आजच भट्टी थांबवणार नाही. एक दिवस थांबण्याचा खर्च ४,५०० च्या पाव, म्हणजे सुमारे १,१०० रुपये, आणि त्याच्या बदल्यात आणखी एक आकडा मिळतो. उद्याचा आकडाही त्याच टप्प्यात आला, तर बिघाडाची शक्यता जवळपास दोन-तृतीयांश होते. तो ६१२ च्या आसपास उतरला, तर ती चार टक्क्यांवर येते. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या हँडबुकातल्या एका नियमाचे मर्म हेच: लागोपाठच्या तीन आकड्यांपैकी दोन, एकाच बाजूला, दुप्पटीच्या रेषेपलीकडे गेले की शोध घ्यायचा. आणि तो एक दिवस रिकामा घालवायचा नाही. भट्टीचे झाकण किती वेळ उघडे होते, धातू साच्यांसाठी किती मिनिटे थांबला, वजनाची नोंद बरोबर आहे का, हे पाळीच्या वहीवरून अर्ध्या तासात कळते आणि त्यासाठी भट्टी बंद करावी लागत नाही.

खालच्या मर्यादेकडे मात्र कोणीच पाहत नाही. आकडा ५७० आला की वीज वाचली म्हणून कौतुक होते. पण मीटर अडकला असेल किंवा परत वितळवलेल्या धातूचे वजन दोनदा धरले गेले असेल. अस्तर झिजून पातळ झाले, तरी कॉइल आणि धातू यांतले अंतर कमी होते आणि वीज धातूत जास्त सहज उतरते. अशा वेळी कमी झालेला खर्च हा धातू अस्तर फोडून कॉइलपर्यंत पोहोचण्याच्या धोक्याचा इशारा असू शकतो. अशा आकड्यासाठी मी ताबडतोब अस्तराची जाडी मोजायला सांगेन.

या हिशेबातले दोन आकडे, शंभरातले पाच दिवस आणि टनामागचे २५ युनिट, कोणत्याही पुस्तकात मिळणार नाहीत. प्रत्येक तपासणीनंतर काय सापडले, कशाला किती वेळ गेला आणि दुरुस्तीनंतर आकडा कितीवर आला, हे लिहिले तरच ते मिळतात. काही सापडले नाही, तीही नोंद हवी. आणि नेमकी तीच कोणी ठेवत नाही.

राहिला ६०० आणि ६१२ मधला फरक. तो कधीच मर्यादा ओलांडणार नाही, कारण भट्टी नियंत्रणात आहे. तरी १२ युनिटांनी दिवसाला २,१६० रुपये आणि महिन्याला ५६,००० रुपयांहून जास्त जातात. यासाठी एखाद्या दिवसाची किंवा एखाद्या पाळीची चौकशी करून काही मिळणार नाही. साचे वेळेवर तयार होतील अशी कामाची आखणी, कोरडे भंगार ठेवायला छप्पर, नीट बसणारे झाकण, ही कामे मालकाच्या हातातली आहेत. ती झाल्यावर सरासरी खाली आली, तर नवे २५ दिवस मोजून मर्यादा पुन्हा आखायच्या. ती आली नाही, तर ६०० चे प्रमाण कुठून आणले होते ते पाहायचे.