मदतनीस कोणाच्या हाताखाली?

मणक्याच्या दुखापतीने कमरेखालचं शरीर लुळं पडलेला, पण व्हीलचेअरवरून नोकरी करणारा चाळिशीतला माणूस समजा. त्याला मदतनीस हवा आहे. ब्युरोला फोन करून घरचे सांगतात, ‘पेशंट सांभाळायला कोणीतरी पाठवा.’ बिनसतं ते इथंच, कारण हा माणूस आजारी नाही आणि त्याला सांभाळायचंही नाही. त्याला उठवायचं कसं, कधी, आधी काय करायचं हे तोच सांगणार. मदतनिसाचा साहेब तोच, त्याची आई किंवा बायको नव्हे.

म्हणून आधी कामांचा कागद करावा, तोही दिवसाच्या क्रमाने. सकाळी शौच, अंघोळ, कपडे. पलंगावरून खुर्चीत घेणं. लघवीची पिशवी वेळेवर रिकामी करणं. झोपल्यावर साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देणं. हे शेवटचं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. संवेदना नसलेल्या कातडीला दाब कळत नाही. त्यामुळे माकडहाड, नितंब आणि टाचा रोज अंघोळीच्या वेळी पाहायच्या. बोटाने दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल, तर ती बेडसोरची सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथं काळपटपणा, ऊब किंवा कडकपणा शोधायचा. कॅथेटर घालणं मात्र प्रशिक्षण नसलेल्याच्या गळ्यात मारू नये.

मुलाखतीपेक्षा एका दिवसाची चाचणी बरी, अर्थात पैसे देऊन. उचलण्याआधी तो व्हीलचेअरचे ब्रेक लावतो का, ‘आता उचलू का?’ असं विचारतो का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. काखेत हात घालून ओढणारा माणूस कितीही प्रेमळ असो, खांदा दुखावेल.

पगाराचं तोंडी ठेवू नये. समजा, महिना २०,८०० रुपये, कामाचे २६ दिवस, रोज दहा तास. म्हणजे दिवसाला ८०० आणि तासाला ८० रुपये पडले. मग जादा तासाला किती हे आधीच ठरवता येतं. ऑफिसातून यायला उशीर झाला की वाद होत नाही. ब्युरोमार्फत माणूस आला असेल, तर त्याच्या हातात नेमके किती पडतात हे त्यालाच विचारावं. आठवड्याची सुटी पक्की हवी. त्या दिवशी कोण येणार, हेही ठरलेलं हवं. उचल दिली तर वहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात.

कामाची हद्द बहुधा प्रेमाने ओलांडली जाते. ‘जरा चहा टाकतोस का?’ इथून सुरुवात होते आणि महिनाभरात तो घरची भांडी घासत असतो. तेवढ्यात खुर्चीतल्या माणसाची अंघोळ पुढं ढकलली जाते. उलट बाजूने, पाहुण्यांसमोर शौचाच्या गोष्टी सांगणं, विचारल्याशिवाय अंगाला हात लावणं, फोन उचलणं हे मदतनिसानेही करू नये. एटीएमचा पिन त्याला सांगू नये. चोरीचा संशय आला तर त्याचाही बचाव होतो.

चूक झाली तर ती खुर्चीतल्या माणसानेच, त्याच दिवशी, एकांतात सांगावी. घरच्यांनी मधे पडू नये.