वेल्डिंगमधील दोष : पोकळी, चर आणि न मिटलेली फट

पोलादी बांधकामातील वेल्डिंगच्या सांध्यात राहणाऱ्या दोषांविषयी सर्वसाधारण समज असा असतो, की जो दोष डोळ्यांना जास्त खुपतो तोच जास्त घातक असावा. प्रत्यक्षात मात्र क्रम बराचसा उलटा आहे. पृष्ठभागावर चाळणीसारखी छिद्रे दिसणारा सांधा पुष्कळदा अपेक्षित भार निमूटपणे पेलतो, तर बाहेरून गुळगुळीत आणि एकसारख्या लाटांचा दिसणारा सांधा आतील केसाएवढ्या फटीमुळे वीस वर्षांनी, किंवा भूकंपाच्या काही सेकंदांत, तुटतो. दोषाने धातूचा किती भाग खाल्ला यापेक्षा त्या दोषाचे टोक किती तीक्ष्ण आहे आणि ते खेचणाऱ्या बलाला आडवे आहे की समांतर, यावर सांध्याचे भवितव्य अधिक ठरते.

सच्छिद्रता, म्हणजे कारखान्यात ज्याला पोरॉसिटी किंवा ब्लोहोल म्हणतात तो दोष, वायूमुळे होतो. वितळलेल्या लोखंडात वायू बराच विरघळतो आणि ते गोठू लागले की त्याला बाहेर पडावे लागते. गोठण्याचा वेग त्याच्या बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा जास्त असला, तर बुडबुडा जागच्या जागी अडकतो. इलेक्ट्रोडच्या लेपातील ओल, प्लेटवरचा गंज, तेल, रंग किंवा जस्ताचा थर आणि उघड्यावर काम करताना वाहणारा वारा ही त्याची नेहमीची कारणे आहेत. वायूच्या आवरणाखाली केल्या जाणाऱ्या वेल्डिंगसाठी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ८ किलोमीटरपेक्षा अधिक असू नये, असे अमेरिकी वेल्डिंग संहिता सांगते, म्हणजे अंगाला जेमतेम जाणवणारी झुळूकही काम बिघडवण्यास पुरेशी ठरते.

हा दोष भार पेलण्याच्या क्षमतेवर किती परिणाम करतो, हे साध्या हिशेबाने कळते. बांधकामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ई २५० प्रतीच्या पोलादाची किमान ताणक्षमता ४१० मेगापास्कल असते, तर ई ७०१८ या इलेक्ट्रोडने भरलेल्या जोडधातूची सुमारे ४९० मेगापास्कल. छिद्रांनी जोडधातूचे ५ टक्के क्षेत्र खाल्ले तरी उरलेल्या भागाची क्षमता सरासरीने ४६५ मेगापास्कलच्या आसपास राहते, म्हणून स्थिर भाराने ओढल्यास तुटते ती शेजारची प्लेट. शिवाय बुडबुडा गोल असतो. गोलाकार पोकळीच्या कडेला प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रावर येणारे अंतर्गत बल, आजूबाजूच्या तुलनेत सुमारे दुप्पट होते, आणि चिवट पोलाद त्या ठिकाणी किंचित ताणले जाऊन जादा भार शेजाऱ्याकडे सोपवते. याचा अर्थ सच्छिद्रता खपवून घ्यावी असा नाही; पृष्ठभागापर्यंत पोचलेली नळीसारखी छिद्रे अधिक वाईट असतात, दाट छिद्रांच्या आड दुसरे दोष तपासणीत लपतात, आणि ज्या ओलीमुळे छिद्रे पडली तिच्यातील हायड्रोजन थंड झालेल्या सांध्याला तडे पाडू शकतो. पण स्वतःच्या बळावर सांधा मोडणाऱ्या दोषांत सच्छिद्रतेचा क्रमांक बराच खाली लागतो.

अंडरकट हा दोष याहून साधा दिसतो आणि याहून जास्त उपद्रव देतो. जोडधातूची पट्टी जिथे मूळ प्लेटला भिडते त्या रेषेला टो म्हणतात. करंट जास्त ठेवला, आर्क लांब धरला किंवा हात घाईने पुढे नेला, तर त्या रेषेलगत प्लेट वितळून खचते आणि ती जागा पुन्हा भरली न गेल्याने एक बारीक चर राहतो. वीस मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर अर्धा मिलिमीटर खोल चर म्हणजे केवळ अडीच टक्क्यांची घट, त्यामुळे स्थिर भाराच्या हिशेबात त्याची गणना करण्याचेही कारण नाही. अडचण जागेची आहे. टोपाशी सांध्याचा आकार एकाएकी बदलत असल्याने प्रतिबल आधीच वाढलेले असते, थंड होताना आकसलेल्या धातूने तिथे मोठे अवशिष्ट ताण मागे ठेवलेले असतात, आणि नेमक्या त्याच ठिकाणी चराची खाच पडते. पूल, क्रेनचा गर्डर किंवा कंप पावणारा पाया यांसारख्या ठिकाणी भार पुन्हा पुन्हा येतो-जातो, तेव्हा या खाचेतून थकव्याचा तडा निघतो. म्हणूनच अमेरिकी संहितेत मुख्य भागावर ताणाला आडव्या असलेल्या सांध्याला चक्रीय भाराखाली जेमतेम पाव मिलिमीटर खोलीचा अंडरकट चालतो, तर स्थिर भाराच्या इमारतीत साधारण प्लेटला एक मिलिमीटरपर्यंत सूट मिळते. यावरचा उपाय सुदैवाने सोपा आहे : बारीक ग्राइंडरने चराच्या तळाखाली सुमारे अर्धा मिलिमीटर जाऊन तो भाग सौम्य वळणाचा करावा आणि घासल्याचे ओरखडे ताणाच्या दिशेने राहतील असे पाहावे, कारण आडवा ओरखडा ही स्वतःच एक नवी खाच असते. इथे अधिक भारी पोलाद वापरून मात्र काहीही साधत नाही. बांधकामाच्या सर्व पोलादांत थकव्याचा तडा जवळपास सारख्याच वेगाने वाढतो, ही गोष्ट खर्चाचा हिशेब करणाऱ्यांच्या लक्षात क्वचितच येते.

या तिन्हींतला खरा घातक दोष म्हणजे लॅक ऑफ फ्युजन, अर्थात जोडधातू आणि मूळ धातू एकजीव न होणे. जोडधातू ओतला गेलेला असतो, जागाही भरलेली दिसते, परंतु करंट कमी पडल्याने, वितळलेला धातू आर्कच्या पुढे वाहत गेल्याने किंवा आधीच्या थरावरचा स्लॅग नीट न झाडल्याने खालचा पृष्ठभाग वितळलेलाच नसतो. परिणामी सांध्याच्या पोटात एक सपाट फट राहते, जिची जाडी नगण्य आणि टोक अतिशय तीक्ष्ण असते. चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ साली लंबवर्तुळाकार छिद्राच्या टोकाशी प्रतिबल किती पट होते याचे सूत्र मांडले. त्यानुसार चार मिलिमीटर रुंदीच्या छिद्राच्या टोकाची त्रिज्या ०.०२ मिलिमीटर असेल, तर तेथील प्रतिबल सैद्धांतिक हिशेबाने २१ पट होते. त्याच रुंदीच्या गोल पोकळीत ते दोन-तीन पटींपलीकडे जात नाही.

याचा प्रत्यक्ष अर्थ एका गर्डरवर पाहता येतो. कारखान्यातील क्रेन ज्यावरून धावते त्या गर्डरच्या खालच्या २५ मिलिमीटर जाड पट्टीत एक बट सांधा आहे, आणि क्रेनच्या प्रत्येक फेरीला त्यावरील प्रतिबल ६० मेगापास्कलने वरखाली होते, असे समजू. चांगला भरलेला सांधा युरोपीय संहितेच्या मोजमापाने एवढा एकसारखा चढउतार जवळपास अमर्याद काळ सोसतो. आता त्याच सांध्याच्या मध्यावर, ताणाला आडवी, ४ मिलिमीटर उंचीची न मिटलेली फट आहे असे धरले, तर स्थिर भाराने हा गर्डर तुटणार नाही, कारण उरलेल्या २१ मिलिमीटर धातूत पुरेशी क्षमता शिल्लक असते. थकव्याच्या हिशेबात मात्र फटीच्या टोकाशी असलेली तीव्रता तडा वाढण्यासाठी लागणाऱ्या उंबरठ्याच्या दुपटीहून अधिक भरते, आणि तडा वाढतोच. पॅरिस या संशोधकाच्या नावाने ओळखला जाणारा वाढीचा नियम आणि ब्रिटिश मानकातील स्थिरांक वापरले, तर सुरुवातीला प्रत्येक टोक एक मिलिमीटर सरकायला सहा लाखांच्या आसपास फेऱ्या लागतील असा वेग येतो, पण तडा वाढताना वेगही वाढत असल्याने फट ४ वरून २० मिलिमीटरची होण्यास एकूण सुमारे साडेबारा लाख फेऱ्या पुरतात. त्यांतील निम्म्याहून अधिक फेऱ्या फट ८ मिलिमीटरची होण्यातच जातात, म्हणजे बाहेर काहीच दिसत नसण्याचा काळ सर्वांत मोठा असतो. दिवसाला दोनशे फेऱ्या आणि वर्षाला तीनशे दिवस काम धरले, तर हा काळ जवळपास एकवीस वर्षांचा होतो. चढउतार दुप्पट, म्हणजे १२० मेगापास्कल झाला, तर आयुष्य आठपटीने घटून अडीच वर्षांच्या थोडेसे वर राहते. प्लेटची मर्यादित जाडी या हिशेबात धरलेली नसल्याने प्रत्यक्ष आयुष्य याहूनही कमी निघेल.

अशी फट शोधणे हेच मोठे काम आहे. एक्स-किरणांच्या चित्रात छिद्रे काळ्या ठिपक्यांसारखी स्पष्ट उमटतात, पण सपाट फटीची छाया तेव्हाच पडते जेव्हा किरण तिच्या पृष्ठाशी समांतर जातात. व्ही-आकाराच्या सांध्यात प्लेटची उतरती कड उभ्या रेषेशी ३० अंशांत कापलेली असते आणि किरण सहसा सरळ खाली सोडले जातात, म्हणून त्या उतारावरची फट चित्रात येतच नाही. श्राव्यातीत ध्वनीची तपासणी येथे उपयोगी पडते : ६० अंशांच्या प्रोबमधून निघालेली लहर प्लेटच्या तळावर आपटून वर येते, तेव्हा प्रोबच्या बाजूच्या उतारावर ती नेमकी काटकोनात आदळते आणि फटीचा ठळक प्रतिध्वनी परत मिळतो. सपाट दोष सापडणे अशा रीतीने योग्य कोन निवडण्यावर अवलंबून असते, आणि हा कोन सांध्याच्या आखणीवरून आधीच ठरवता येतो.

कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथे १७ जानेवारी १९९४ रोजी झालेल्या ६.७ तीव्रतेच्या भूकंपाने या तपासणीची मर्यादा उघड केली. तेथील शंभराहून अधिक पोलादी चौकटींच्या इमारतींत तुळई आणि खांब यांना जोडणारे वेल्डिंगचे सांधे तुटलेले आढळले, आणि त्यांतील कित्येक तडे तुळईच्या खालच्या पट्टीच्या मधोमध, मुळापाशी, सुरू झाले होते. त्या जागी तुळईचा उभा पडदा आडवा येत असल्याने वेल्डरला त्यातील लहान खिडकीतून हात घालून वेल्डिंग करावे लागे, प्रत्येक थर तिथे थांबवून पलीकडून पुन्हा सुरू करावा लागे, आणि नेमक्या त्या सांधणीत स्लॅग व न मिटलेली फट राहत असे. सांध्याखाली ठेवलेली आधारपट्टी तशीच सोडण्याची पद्धत असल्याने मूळ डोळ्यांनी पाहता येत नव्हते. ध्वनितपासणीत ही पट्टी स्वतःच प्रतिध्वनी देत असल्याने खरा दोष वेगळा काढणे अवघड होई. शिवाय पट्टी आणि खांब यांमधील न जोडलेली रेषा हीच एक तयार खाच होती. त्यात वापरलेल्या ई ७० टी-४ या तारेच्या जोडधातूला चिवटपणाची अट घातलेली नव्हती, त्यामुळे तडा सुरू झाल्यावर तो अडवणारे फारसे काही उरले नाही. भूकंपानंतर झालेल्या अभ्यासातून खालच्या पट्टीची आधारपट्टी काढून टाकणे, मूळ खरवडून निर्दोष धातूपर्यंत जाणे, तेथे पुन्हा भरून वर कोपऱ्याची पट्टी देणे आणि उणे २९ अंश सेल्सिअसला किमान २७ जूल ऊर्जा सोसणारा जोडधातू वापरणे, या अटी पुढे आल्या, आणि तुळईची रुंदी खांबापासून काही अंतरावर मुद्दाम कमी करून वाकण्याचा भार सांध्यापासून दूर नेण्याची रचनाही रूढ झाली.